रोजचे सहाशे रुपये, तीन ॲड सेट आणि गणपतीचा हंगाम

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत आमच्या घराचा पुढचा खण म्हणजे आमचं दुकान. माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो, शिवलेल्या नऊवारी करतात. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, लहान मुलींच्या, सगळ्या. त्या आणि त्यांच्या हाताखालची एक मुलगी मिळून दिवसाला चार साड्या होतात, फार तर पाच. शिवणकाम त्यांचं, आणि फोन, हिशेब, कुरियर, इन्स्टाग्राम हे माझं. गेल्या वर्षापर्यंत आम्ही फक्त रील टाकायचो आणि ओळखीतून ऑर्डरी यायच्या. 2025 च्या गणपतीआधी पहिल्यांदा नीट पैसे लावून जाहिरात करायची ठरवली. रोजचे सहाशे रुपये, वर 18 टक्के जीएसटी. आमची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे तो कर परत मिळत नाही. तो खर्चच धरायचा.

हे सहाशे कॅम्पेनला द्यायचे की ॲड सेटला, या एका प्रश्नावर माझे पुढचे तीन आठवडे गेले. ते इथे आकड्यांसकट लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या छोट्या खात्याच्या मापाचं काही मला तेव्हा सापडलं नव्हतं. जे सापडलं ते रोज पन्नास हजार खर्च करणाऱ्यांसाठी होतं.

ॲड्स मॅनेजर म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती जिथून लावतात ते पान. ज्यांनी ते उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सगळ्यात वर कॅम्पेन असतं, त्यात आपण हेतू ठरवतो. माझा हेतू होता व्हॉट्सॲपवर मेसेज यावेत. कॅम्पेनच्या पोटात ॲड सेट असतात. कुठल्या गावातल्या, कुठल्या वयाच्या लोकांना दाखवायचं ते तिथे ठरतं. ॲड सेटच्या पोटात प्रत्यक्ष जाहिराती. बजेट कॅम्पेनवर ठेवलं तर ॲड सेटमध्ये पैसे कसे वाटायचे ते यंत्रणा ठरवते. याला सगळे अजून सीबीओ म्हणतात, स्क्रीनवर मात्र आता Advantage+ campaign budget असं दिसतं. बजेट ॲड सेटवर ठेवलं तर वाटणी आपली, त्याला एबीओ म्हणतात. फेसबुकने 2019 मध्ये सीबीओ सगळ्यांना सक्तीचं करायचं जाहीर केलं होतं आणि 2020 मध्ये ती सक्ती मागे घेतली. त्यामुळे जुन्या व्हिडिओंमध्ये निम्मे लोक छातीठोकपणे एक सांगतात आणि निम्मे दुसरं.

मी तीन ॲड सेट केले. पहिला वडोदरा: नकाशावर दांडिया बाजारला पिन टाकून पंधरा किलोमीटरचा घेर, बायका, वय 22 ते 50. दुसरा सुरत आणि अहमदाबाद. दोन्हीकडे मराठी वस्ती मोठी आहे आणि कुरियर दोन दिवसांत पोचतं. तिसरा जुन्या ओळखीच्या लोकांचा, म्हणजे गेल्या वर्षभरात आमच्या इन्स्टाग्राम पानावर काही ना काही केलेले लोक. त्यांची संख्या चार हजारांच्या आसपास. तिन्हींत त्याच चार जाहिराती: ताईंच्या हातात साडी वळतानाचा एक व्हिडिओ, एका नवरीचा फोटो, एक किमतीचा आणि एक मंगळागौरीचा.

कुठून आलेल्या मेसेजातून किती ऑर्डरी झाल्या हे कळावं म्हणून एक गोष्ट आधीच केली, आणि तिचा फार उपयोग झाला. जाहिरातीवर बोट ठेवल्यावर व्हॉट्सॲपमध्ये जो तयार मेसेज उघडतो तो आपल्याला बदलता येतो. वडोदऱ्याच्या जाहिरातींत मी लिहिलं, ‘नमस्कार, दुकानात येऊन माप द्यायचं आहे.’ सुरतेच्या जाहिरातींत, ‘नमस्कार, कुरियरने नऊवारी हवी आहे.’ जुन्यांसाठी, ‘नमस्कार ताई, पुन्हा नऊवारी हवी आहे.’ मेसेज आला की तो वाचून व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये रंगाचं लेबल लावायचं, आणि ऑर्डर पक्की झाली की ताईंच्या वहीत नावापुढे त्याच रंगाच्या पेनाने टिंब. वडोदरा हिरवा, सुरत निळा, जुने लाल. ॲड्स मॅनेजर मेसेज मोजतं. मेसेजनंतर आपल्या दुकानात काय झालं ते त्याला आपोआप कळत नाही.

पहिला आठवडा, 13 ते 19 जुलै, सीबीओवर चालवला. ओळखीच्या एका मार्केटिंगवाल्याने सांगितलं होतं की यंत्रणेला मोकळं सोडा, ती आपल्यापेक्षा हुशार आहे. दुसऱ्याच दिवशी सकाळी पाहते तो खर्च 843 रुपये. मी घाबरून कॅम्पेन बंद करणारच होते. मग नियम वाचला: रोजचं बजेट हे सरासरीचं असतं, एखाद्या दिवशी जास्त खर्च होऊ शकतो, पण रविवार ते शनिवार या आठवड्यात सातपटीच्या वर जात नाही. शनिवारी रात्री आकडा 4,200 वरच थांबला. तेव्हापासून मी आठवडा रविवारीच सुरू करते, म्हणजे हिशेब सरळ जुळतो.

तिसऱ्या दिवसापासूनच चित्र स्पष्ट होतं. पैसा सुरत-अहमदाबादकडे धावत होता. आठवडा संपला तेव्हा 4,200 पैकी 3,050 रुपये तिकडे गेले होते आणि त्यातून 122 मेसेज आले होते, एक मेसेज पंचवीस रुपयांना. वडोदऱ्याला मिळाले 860 रुपये आणि आले वीस मेसेज, प्रत्येकी त्रेचाळीसला. जुन्या लोकांवर जेमतेम 290 रुपये खर्च झाले, मेसेज नऊ, बत्तीस रुपयांना एक. स्क्रीनवर पाहिलं तर काम उत्तम चाललं होतं. दीडशे मेसेज! मी दिवसभर उत्तरं देत होते, जेवताना सुद्धा फोन ताटाशेजारी.

रविवारी दुपारी ताईंची वही उघडून टिंबं मोजली. निळी तीन, हिरवी पाच, लाल तीन.

म्हणजे सुरत-अहमदाबादची एक ऑर्डर आम्हाला हजार रुपयांच्या वर पडली होती. एका नऊवारीमागे कापड, शिलाई, फॉल, मुलीचा पगार सगळं जाऊन आमच्या हाती साधारण साडेसहाशे राहतात. वडोदऱ्याची ऑर्डर पडली होती 172 रुपयांना आणि जुन्यांची सत्त्याण्णवला.

हे असं का झालं ते ताईंनी मला एका वाक्यात सांगितलं. ‘अगं, मापाशिवाय नऊवारी कशी शिवणार?’ शिवलेल्या नऊवारीला कंबर, सीट, कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची आणि काष्ट्यासाठी मधलं माप लागतं. सुरतेच्या बाईला व्हिडिओ कॉलवर टेप धरायला सांगावं लागतं, टेप घसरते, मागून धरायला कुणी नसतं. त्या आठवड्यात गेलेल्या तीनपैकी एक साडी दोन इंच आखूड झाली म्हणून परत आली. लोक मेसेज हौसेने करत होते, आम्ही फोटो पाठवत होतो, त्या ‘बहु सरस’ म्हणत होत्या, आणि मापाचा विषय निघाला की गप्प होत होत्या. वडोदऱ्याची बाई मेसेज कमी करते, पण केला की संध्याकाळी आईला घेऊन दुकानात येते.

यंत्रणेने चूक केली नव्हती हे मला त्या दुपारी समजलं, आणि या सगळ्यातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मी तिला सांगितलं होतं की मेसेज आण. तिने जिथे पुढचा मेसेज सगळ्यात स्वस्त मिळेल तिथे रुपया टाकला. सीबीओचं गृहीतच असं आहे की तिन्ही ॲड सेटमधून येणारा मेसेज तुमच्या लेखी सारख्याच मोलाचा आहे. माझ्याकडे तो नव्हता. वडोदऱ्याच्या दहा मेसेजांतून अडीच ऑर्डरी निघत होत्या, सुरतेच्या दहांतून पाव.

मग चिडून दुसऱ्या टोकाला गेले. 20 जुलैपासून नवीन कॅम्पेन, बजेट ॲड सेटवर, तिघांना प्रत्येकी दोनशे. जुन्या कॅम्पेनमध्येच सीबीओ बंद करता आलं असतं, पण दोन आठवड्यांचे आकडे एकमेकांत मिसळायला नको होते. करताना एक खूण तपासावी लागते: ॲड सेटचं बजेट निवडलं तरी त्यातलं वीस टक्क्यांपर्यंत बजेट दुसऱ्या ॲड सेटना देण्याची परवानगी विचारणारा पर्याय येतो. मला कोणाची खरी ताकद किती हे पाहायचं होतं, म्हणून ती खूण काढली. ती तशीच राहिली असती तर दोनशेची वाटणी दोनशेची राहिली नसती.

आठवड्याअखेर सुरत-अहमदाबाद: 1,400 रुपये, पन्नास मेसेज, ऑर्डर एक. वडोदरा: 1,400 रुपये, 29 मेसेज, सात ऑर्डरी. जुने लोक: 1,400 रुपये, 26 मेसेज, चार ऑर्डरी.

ऑर्डरी अकराच्या बारा झाल्या. एवढी उलथापालथ करून एक ऑर्डर वाढली. मला निदान दुप्पट वाढ अपेक्षित होती, कारण सत्त्याण्णव रुपयांना ऑर्डर देणाऱ्या जुन्या लोकांना मी जवळजवळ पाचपट पैसे दिले होते. त्या रात्री दोन्ही आठवडे शेजारी लिहून वजाबाकी केली. जुन्यांवर 1,110 रुपये जास्त गेले होते आणि त्या जास्तीच्या पैशांतून सतरा मेसेज जास्त आले, म्हणजे पुढचा प्रत्येक मेसेज पासष्ट रुपयांना, आणि ऑर्डर फक्त एक जास्त. बत्तीस रुपये ही सरासरी होती, ती पहिल्या 290 रुपयांची. जे लोक मेसेज करायला टेकलेलेच होते त्यांनी पहिल्या आठवड्यात केला. उरलेल्यांना आम्ही तीच जाहिरात पुन्हा पुन्हा दाखवत होतो. ‘फ्रीक्वेन्सी’चा रकाना काढला तर पहिल्या आठवड्यात एका माणसाला सरासरी पावणेदोनदा जाहिरात दिसली होती, दुसऱ्यात सहा वेळा. चार हजार लोकांच्या विहिरीतून रोज दोनशे रुपयांचं पाणी निघत नाही.

म्हणजे जुन्यांच्या बाबतीत सीबीओचं बरोबर होतं. त्याला पुढच्या मेसेजची किंमत दिसत होती, मला मागच्या मेसेजांची सरासरी दिसत होती. अहवालात एखाद्या ॲड सेटचा खर्च स्वस्त दिसतो, तरी सीबीओ त्याला पैसे देत नाही, आणि आपल्याला वाटतं यंत्रणा बिघडली. पुष्कळ वेळा कारण हेच असतं. हे दोन आठवडे म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे. मधल्या काळात श्रावण लागला होता, हवा वेगळी होती. तरी पासष्ट आणि बत्तीस यांतला फरक श्रावणाने पडलेला नाही.

दुसरी अडचण ॲड सेटच्या नावापुढेच लिहिलेली होती. वडोदरा आणि जुने लोक, दोघांपुढे Learning limited. यंत्रणेला एखाद्या ॲड सेटमध्ये कोणाला दाखवावं हे शिकायला शेवटच्या मोठ्या बदलानंतरच्या आठवड्यात साधारण पन्नास रिझल्ट लागतात. ते होण्याची चिन्हं नसली की हा शेरा येतो. जाहिरात चालू राहते, पण खर्च वर-खाली होत राहतो आणि स्थिरावत नाही. रिझल्ट म्हणजे इथे मेसेज, आणि माझ्याकडे एकात 29 होते, दुसऱ्यात 26. शिवाय हे पन्नास प्रत्येक ॲड सेटला वेगळे लागतात; सीबीओ केलं म्हणून सगळ्यांचे मिळून मोजत नाहीत. पहिल्या आठवड्यात बुधवारी मी वडोदऱ्याच्या ॲड सेटमध्ये वय बदललं होतं आणि एक नवीन फोटो घातला होता. अशा बदलाने शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ज्या ॲड सेटला आधीच पैसे कमी मिळत होते, त्याचे तीन दिवस मी स्वतः वाया घालवले.

मग ताईंच्या वहीच्या शेवटच्या पानावर हा हिशेब मांडला:

```
ॲड सेट किती = (रोजचं बजेट × 7) ÷ (एका मेसेजचा खर्च × 50)
```

सहाशे गुणिले सात, 4,200. मेसेजचा खर्च चाळीस धरला तर चाळीस गुणिले पन्नास, 2,000. उत्तर दोनच्या किंचित वर. म्हणजे माझं खातं दोन ॲड सेट पोसू शकतं, तिसरा आला की तिघेही अर्धपोटी. रोजचे तीनशे असते तर एकच. आणि ॲड सेट एकच असेल तर सीबीओ की एबीओ हा प्रश्नच राहत नाही, कारण वाटणी करायला दुसरं कोणी नसतं. ज्या वादावर मी दोन आठवडे घालवले तो वाद माझ्याहून निम्मं बजेट असलेल्या खात्यांना लागूच होत नाही. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. आता मला कोणी विचारलं तर मी सीबीओ-एबीओच्या आधी हा भागाकार करायला सांगते.

तिसऱ्या आठवड्यात दोन निर्णय घेतले. जुन्या लोकांचा वेगळा ॲड सेट मोडून टाकला. ते बहुतेक वडोदऱ्याचेच आहेत आणि वडोदऱ्याच्या पंधरा किलोमीटरच्या घेरात आपोआप येतात. त्यांच्यातल्या ज्यांना खरोखर साडी हवी आहे त्यांच्यापर्यंत यंत्रणा तिथूनही पोचते. कोणाला कुठली जाहिरात दिसणार हे लिलावाने ठरतं, आणि एकाच खात्याचे दोन ॲड सेट त्याच माणसासाठी पुढे आले तर त्या लिलावात एकच जातो, दुसरा मागे राहतो. म्हणजे मी माझ्याच दोन ॲड सेटमध्ये गिऱ्हाईक वाटून दोघांचं शिक्षण अर्धवट ठेवत होते.

दुसरा निर्णय सुरतेचा. मी तो ॲड सेट बंदच करणार होते. ताई म्हणाल्या, ‘बंद कशाला? मापाची भानगड नसलेलं काही दे ना तिकडे.’ लहान मुलींच्या तयार नऊवारी आमच्याकडे वयाप्रमाणे असतात, दोन ते तीन वर्षं, चार ते पाच, सहा ते आठ. कमरेला इलास्टिक आणि खाली मुडपलेली पट्टी, उंची कमी पडली तर उसवून वाढवता येते. एका साडीमागे आम्हाला 280 रुपये सुटतात, नऊवारीच्या निम्म्याहून कमी. म्हणून ती वेगळ्या कॅम्पेनमध्ये, वेगळ्या बजेटवर ठेवली. मोठ्या साडीच्या मेसेजशी तिची तुलना यंत्रणेला करूच द्यायची नव्हती. भागाकार इथेही केला: मेसेज अठ्ठावीस रुपयांना, गुणिले पन्नास, 1,400. म्हणजे रोजचे बरोबर दोनशे. उरलेले चारशे वडोदऱ्याला.

27 जुलैला दोन्ही सुरू केलं आणि शनिवारपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलं. हे फार कठीण जातं. मंगळवारी वडोदऱ्याचा मेसेज 61 रुपयांना पडला होता आणि मी तीनदा ॲप उघडून बंद केलं. शनिवारी सरासरी अडतीसवर आली.

वडोदरा, 2,800 रुपये: 74 मेसेज, चौदा ऑर्डरी. सुरत-अहमदाबादच्या मुलींच्या साड्या, 1,400 रुपये: 52 मेसेज, सहा ऑर्डरी. दोन्हीकडचा Learning चा शेरा गेला.

तुलना करायची तर अशी करावी. आदल्या आठवड्यात वडोदरा आणि जुने लोक मिळून तेवढेच 2,800 रुपये खर्च केले होते. तेव्हा मेसेज आले होते 55 आणि ऑर्डरी अकरा. तेच लोक, तेच पैसे, फक्त दोन ॲड सेटचा एक केला. यातला काही वाटा मंगळागौरीचा आहे हे मी मान्य करते, श्रावणातल्या मंगळवारांसाठी नऊवारी मागणाऱ्या बायका त्याच आठवड्यात वाढल्या. सुरतेच्या एका ऑर्डरला 233 रुपये पडले आणि सुटतात 280, शिवाय वरचा जीएसटी. म्हणजे कमाई नाहीच म्हणायची. दोन आठवडे चालवून गणपतीआधी कुरियर पोचण्याची मुदत संपली तेव्हा तो बंद केला. वडोदऱ्याचा मात्र 16 ऑगस्टपर्यंत चालू ठेवला. 27 तारखेला गणपती होते आणि ताईंच्या हातात त्याहून जास्त साड्या मावत नव्हत्या.

मधल्या काळात मला दोन सल्ले मिळाले, दोन्ही प्रामाणिक होते, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिते. एक असा की सीबीओच ठेवा आणि वडोदऱ्याला किमान खर्चाची मर्यादा घाला. तशी सोय आहे, प्रत्येक ॲड सेटला किमान आणि कमाल ठरवता येतं. पण किमान म्हणजे हमी नव्हे, यंत्रणा तेवढा खर्च करायचा प्रयत्न करते. आणि तिन्ही ॲड सेटना मर्यादा घातल्या की एबीओच फिरून हाती येतं, फक्त बिघाड कुठे आहे ते शोधणं अवघड होतं. एखाद्याच ॲड सेटला थोडा आधार द्यायचा असेल तर ठीक. दुसरा सल्ला असा की यंत्रणेला मेसेजऐवजी खऱ्या ऑर्डरी कळवा, म्हणजे ती ऑर्डरींच्या मागे धावेल. तत्त्वतः हाच योग्य उपाय आहे. पण माझ्या आठवड्याला वीस ऑर्डरी होतात. पन्नासच्या नियमात मी तिथे आणखी मागे पडते. रोजच्या दहा ऑर्डरी असलेल्या दुकानाने ते नक्की करावं.

सीबीओ मी कायमचं सोडलेलं नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, त्या नवरी मुलींसाठी ऑक्टोबरमध्ये पुन्हा जाहिरात लावली, आणि ती कॅम्पेनच्या बजेटवर. या वेळी ॲड सेट दोन: वडोदरा शहर आणि आणंद-नडियाद. आणंद गाडीने तासाभराच्या आत आहे, तिकडची माणसं लग्नाच्या खरेदीला वडोदऱ्यालाच येतात, त्यामुळे माप दुकानात दिलं जातं. साडी तीच, नफा तोच. पहिल्या आठवड्याची टिंबं मोजली तर दोन्हीकडे दहा मेसेजांमागे दोन ऑर्डरी. मग पैसा कुठे जातो याची मला काळजी नाही. एके दिवशी पाऊणहून जास्त बजेट आणंदकडे गेलं, दुसऱ्या दिवशी वडोदऱ्याकडे, एका शनिवारी जवळजवळ सगळं शहरातच राहिलं. मी पाहिलं आणि फोन ठेवून दिला. सकाळी उठून हाताने वाटणी करत बसले असते तर त्या चढउताराच्या मागेच धावत राहिले असते.

वही मात्र चालू आहे. दर रविवारी दहा मेसेजांमागची टिंबं मोजते. दोन ॲड सेटमधला फरक दुपटीच्या वर गेला आणि सलग दोन आठवडे तसाच राहिला, तर बजेट वेगळं करायचं असं आम्ही ठरवलं आहे. एका आठवड्याच्या पाच-सात ऑर्डरींवर ठरवत नाही. एक मोठं कुटुंब एकदम तीन साड्या घेऊन गेलं तरी तेवढ्याने आकडा फिरतो.

सुरतेच्या मोठ्या बायकांचा ॲड सेट अजून बंद आहे. ताईंनी गेल्या महिन्यात कमरेला नाडी आणि उंचीला तीन घड्या ठेवून तयार मापाची एक नऊवारी बसवली आहे, लहान, मध्यम आणि मोठी अशी तीन मापं. ओळखीच्या चार घरी कुरियरने पाठवली, तीन नीट बसल्या, चौथीची कंबर सैल आहे म्हणून ती परत येते आहे. ती आली की ताई नाडीची जागा बदलतील. मग एका रविवारी त्या ॲड सेटला त्याचे स्वतःचे दोनशे रुपये देऊन पाहणार आहे, वडोदऱ्याच्या कॅम्पेनबाहेर.